सरांना न ऐकवलेली थट्टा

मोनिका बाय, फादर, गुरुजनहो, आणि सरांच्या हाताखालून गेलेल्या माझ्या भावाबहिणींनो,

मला बोलायला उभं केलंय. उभी आहे. बोलता येईल की नाही, ठाऊक नाही. सांभाळून घ्या.

मी शकुंतला, पाचूबंदरची. आता दवाखान्यात नर्स आहे. बस्त्याव सरांनी मला आठवीपासून दहावीपर्यंत गणित शिकवलं.

आज रविवार. आज ह्याच हॉलमध्ये सरांच्या निवृत्तीचा निरोप समारंभ होता. ह्या खुर्च्या त्यासाठीच मागवल्या होत्या. सर शुक्रवारी गेले. शाळेतून घरी आले, बायना चहा ठेव म्हणाले, आणि चहा व्हायच्या आत गेले. बाय, तुम्ही सांगितलंत तेव्हा मला खरं वाटलं नाही. अजून वाटत नाही.

समारंभात वाचायला आम्ही एक निरोपपत्र लिहिलं होतं. थट्टेचं. विरारला फिलोमिनाच्या घरी आम्ही तिघं बसलो होतो, फिलोमिना, चांदीपचा हरिश्चंद्र आणि मी. विषय शोधावा लागला नाही. सरांचा गृहपाठ! नाताळच्या सुट्टीत गृहपाठ, गणपतीत गृहपाठ, ताप आला तर घरी पाठवलेला गृहपाठ.

लिहिताना आम्ही एक ठरवलं. सर स्वतः ज्यावर हसतात, त्यावरच बोट ठेवायचं. हरिश्चंद्रानं त्यांच्या दम्यावर एक ओळ लिहिली होती, चांगली जमली होती. फिलोमिनानं ती खोडली. म्हणाली, "ह्यावर सर हसतील, पण बाय हसणार नाहीत." आणि आभार अगदी शेवटी ठेवायचे. आधी आभार मानले तर सर खाली मान घालून बसतील, मग हसणार कोण?

आणि हे सगळं सरांपासून लपवायचं. थट्टा आधी कळली तर तिच्यात काय उरतं? बायना सांगितलं, "सरांना बोलू नका हं." बाय बोलल्या नाहीत.

काल बायनी मला जवळ बसवून सांगितलं. गुरुवारी सर जेवताना म्हणाले होते, "रविवारी कोण येणार गं? शाळेची चार मास्तर मंडळी येतील. पोरांना मी नुसतं छळलंय." बाय म्हणाल्या, "शकू, माझ्या ओठांवर आलं होतं. पण तुम्ही नको म्हटलं होतं ना."

काय सांगू मी बायना? तुम्ही सांगा, काय सांगायचं?

बायची इच्छा आहे की पत्र वाचावं. म्हणून वाचते.

"आदरणीय सर, आपल्या निवृत्तीनं वसई तालुक्यातल्या रॉकेलचा तुटवडा संपेल, अशी आम्हाला आशा आहे. आपल्या गृहपाठापायी किती कंदील रात्रभर जळले, त्याचा हिशेब आपणच मांडू शकाल. फिलोमिनाच्या लग्नात आपण आहेर दिलात आणि विचारलंत, ते प्रमेय आलं का शेवटी? नवरदेव घाबरला, सर. त्याला वाटलं, आता त्यालाही विचाराल."

कोणी हसत नाही. मलाही वाचताना हसू येत नाही. घरी वाचून पाहिलं तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो.

पुढे माझ्या बापाचं आहे. बाप शाळेत भांडायला गेला होता. "मास्तर, पोर सारखं लिवतं. पानी कोन भरंल?" सर म्हणाले, "पाणी मी भरतो. गणितं मात्र तिलाच करावी लागतील." आणि दुसऱ्या दिवशी सर खरंच विहिरीवर आले, पँट दुमडून! बाप शरमला. त्यानंतर पाणी बापानं भरलं. सगळी आळी बघायची, तरी भरलं. म्हणून मी नर्स झाले.

ह्यानंतर कागदावर कंसात लिहिलंय, "इथे थांबणे. सर उत्तर देतील." ते गप्प बसणाऱ्यांतले नव्हतेच. काय बोलले असते, ह्यावर आम्ही तिघांनी पैजा लावल्या होत्या. आता ते कधीच कळणार नाही. काही केलं तरी कळणार नाही.

शेवटची ओळ अशी आहे, "सर, आम्ही एक वही लिहायचो, आपण वर्गभराच्या तपासायचात. आपण आमच्यापेक्षा जास्त जागलात. हे आम्हाला फार उशिरा कळलं."

ही ओळ लिहिली तेव्हा सर जिवंत होते. तेव्हा उशीर झाला नव्हता.

ज्यांचे शिक्षक अजून आहेत, त्यांनी आज घरी जाताना वाट वाकडी करून त्यांच्या दारात जावं. समारंभाची वाट बघू नका.

बाय, तुम्ही बसून राहा. आपण बाकीचे उभे राहू या, आणि थोडा वेळ कोणी काही बोलू नये.

सर, येते मी.