बॅगेचं चाक

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घातले की अर्धा तास नीट दिसत नाही, म्हणून मी ऐकत बसलो. शेजारी दोघी बहिणी होत्या. थोरलीचं सोमवारी मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं.

"ठरलं. ऑपरेशन झालं की तुझ्याकडेच येते, कायमची."

"आणि भावोजी, ताई?"

"त्यांना काय! तारीख सांगितली, तर ‘बरं’ म्हणाले. तीस वर्षांत इतके हळवे झालेले पहिल्यांदाच पाहिले."

"त्यांच्या आई गेल्या तेव्हा?"

"सासऱ्यांनी दम दिला, रडायचं नाही, लोक बघतायत. हे उठले आणि नळ दुरुस्त करत बसले. लहानपणी रडले की भिंतीकडे तोंड करून उभं करायचे म्हणे."

"आणि आता?"

"आता घरात बिघडलेलं काही उरलंच नाही. न्हाणीघरात धरायला कठडा लावला, उंबऱ्यावर पांढरा पट्टा मारला, टेबलाचे कोपरे घासून गोल केले. माझ्याशी दोन शब्द बोलायचे सोडून!"

"कोपरे कुणासाठी गोल केले?"

"टेबलासाठी असतील."

"बरं. बॅग भरलीस?"

"भरते कसली! काल काढून ठेवली, तर ह्यांनी तिचं चाकच काढलं. म्हणे, दुरुस्त करायला हवं."

"नवीच आहे ना?"

"गेल्या महिन्यात घेतली."

"मग कधी होणार दुरुस्त?"

"तेही विचारलं. म्हणाले, डॉक्टर थेंब किती दिवस घालायला सांगतात, त्यावर आहे."

"थेंबांवर?"

"हसतेस काय?"

"सोमवारी रिक्षा कुठे न्यायची, ताई?"

"घरी. आणि मला कळलंय, हे त्यांना सांगू नकोस. लाजतील बिचारे, आणि दुसरंही चाक काढतील."