मावशींच्या प्रतीत नसलेला परिच्छेद

किल्लीवाला: 'मी' नको लिहूस, 'आम्ही' लिही. दहा वर्षं तू एकटीच राहिलीस का या बिल्डिंगमध्ये?

बायको: पत्र लिहायला तर एकटीच बसलेय. बरं, 'आम्ही'. ऐका. 'सर्व शेजाऱ्यांना नमस्कार. दहा वर्षांनंतर आम्ही दुसऱ्या मजल्यावरची जागा सोडत आहोत. रविवारी सकाळी सामानाचा टेम्पो येईल. फाटक तासभर अडेल, तरी गाड्या आदल्या रात्रीच बाहेर लावाव्यात.'

किल्लीवाला: निरोपाच्या पत्रात पहिला मान टेम्पोचा?

बायको: लोक वरच्या दोन ओळी वाचतात आणि कागद ठेवून देतात. टेम्पो खाली लिहिला, तर रविवारी मास्तरांची स्कूटर फाटकात आणि तुम्ही डोक्यावर कपाट घेऊन रस्त्यात.

किल्लीवाला: बरं बाई. का सोडतोय, ते?

बायको: 'मालकांना जागा हवी आहे.' बस.

किल्लीवाला: गोदाम करणार आहे तो. खोकी भरणार आणि बाहेरून कुलूप घालणार. तेही माझ्याकडूनच घेऊन गेला, मेला. चांगलं पितळी.

बायको: सगळं खरं लिहायचं म्हटलं तर मास्तरांच्या चपलांच्या ढिगाऱ्याबद्दलही लिहावं लागेल. दहा वर्षं जिन्यात धडपडतेय मी.

किल्लीवाला: जाता जाता कशाला वाकडं?

बायको: म्हणूनच लिहीत नाही. उलट आभार मानलेत. 'मास्तरांनी आमच्या मुलीचं गणित घेतलं, ते विसरणार नाही.' समोरच्या बँकवाल्या ताईंचे, त्या आमची पत्रं घेऊन ठेवायच्या म्हणून. जुळ्यांच्या आईचे... तिचे कशाबद्दल मानू?

किल्लीवाला: मशीनच्या आवाजाबद्दल कधी बोलली नाही, त्याबद्दल मान. तिच्या डोक्यावरच चालायचं की तुझं मशीन.

बायको: हं. 'शिवणाच्या मशीनची घरघर सोसलीत.' लाँड्रीवाल्याचे मानायचे नाहीत, त्याने माझी निळी चादर जाळली.

किल्लीवाला: अगं, त्यालाही सात वर्षं झाली.

बायको: चादर आली का परत सात वर्षांत? बरं, लिहिते, तोंडदेखलं. आता कामाचं सांगा.

किल्लीवाला: पंपाची किल्ली लाँड्रीवाल्याकडे देतोय. टाकी भरली की वरून पाणी सांडायच्या आधी बंद करायचा, आवाज बदलतो तेव्हाच. गच्चीच्या दाराची कडी आधी वर उचलायची, मग ओढायची. नुसती ओढली की अडकते, आणि मग लोक मला... आता कोणाला बोलावतील कोण जाणे. जिन्यातला दिवा जातो तेव्हा दिवा बदलू नका म्हणावं, बटणाच्या डबीत वायर सैल होते.

बायको: हे सगळं कुणी वाचणार नाही.

किल्लीवाला: न वाचू दे. लिही.

बायको: लिहिलं. राहिलं काय?

किल्लीवाला: राहिलं काय ते तुलाही माहीत आहे.

बायको: मावशी.

किल्लीवाला: मावशी.

बायको: त्यांना सांगितलंत तुम्ही? आपण गेल्यावर कसं करायचं ते?

किल्लीवाला: जातोय एवढं सांगितलं. 'बरं' म्हणाल्या. टेलिफोन ऑफिसात आयुष्य काढलेली बाई, कुणी बोलायचं थांबलं की स्वतःच फोन ठेवते. पुढचं विचारायची माझी हिंमत नाही झाली.

बायको: आधी लिहून बघते. 'तिसऱ्या मजल्यावरच्या मावशी एकट्या राहतात. काही वर्षांपूर्वी त्या न्हाणीघरात पडल्या आणि संध्याकाळपर्यंत तशाच पडून होत्या. तेव्हापासून आमच्यात एक ठरलं आहे. रोज सकाळी उठल्यावर त्या स्वयंपाकघरातल्या पाण्याच्या पाइपवर चमच्याने तीन वेळा वाजवतात. तो पाइप आमच्या ओट्यामागून जातो. आम्ही खालून दोनदा वाजवतो. आवाज आला नाही, तर आम्ही वर जाऊन दार वाजवतो. उत्तर आलं नाही, तर त्यांची एक किल्ली आमच्याकडे आहे.'

किल्लीवाला: किती वेळा वापरली, ते नको लिहूस.

बायको: दोनदा. एकदा ताप, एकदा रेडिओवर जुनी गाणी लागली म्हणून वाजवायचंच विसरल्या. तुम्ही दार उघडून आत, आणि त्या भुवया वर करून, 'राँग नंबर!'

किल्लीवाला: हसू नकोस गं. पुढे लिही.

बायको: 'पाइप आमच्या ओट्यापाशीच संपतो, दुसऱ्या कुठल्या घरात जात नाही. म्हणून आमची विनंती आहे की, कुणीतरी रोज सकाळी कामाला जाताना एकदा वर जाऊन त्यांचं दार वाजवावं आणि ही किल्ली आपल्याकडे ठेवावी. दोन मिनिटांचं काम आहे.' झालं.

किल्लीवाला: चांगलं लिहिलंस. जिन्याखालच्या फळ्यावर लावतो उद्या.

बायको: फळ्यावर? डोकं ठिकाणावर आहे ना? फळा सगळ्यात आधी कोण वाचतं? भाजीला निघाल्या की मावशी पाणीकपातीची सूचनासुद्धा दोनदा वाचतात. स्वतःबद्दल हे वाचतील? 'न्हाणीघरात पडल्या', 'एकट्या राहतात'... चव्हाट्यावर मांडल्यासारखं.

किल्लीवाला: मग?

बायको: प्रती काढायच्या. दाराखालून एकेक सरकवायची. चौघांना हा परिच्छेद, मावशींच्या प्रतीत नाही. त्यांच्या प्रतीत नुसते आभार.

किल्लीवाला: आणि चौघांपैकी एकाने जरी हो म्हटलं...

बायको: तर तो वर जाईल, सहज गेल्यासारखा. मावशींना कळणारही नाही की कुणी सांगितलं होतं.

किल्लीवाला: आधी मावशींना विचारायला हवं होतं आपण.

बायको: विचारलं असतं तर काय म्हणाल्या असत्या?

किल्लीवाला: नको म्हणाल्या असत्या.

बायको: झालं तर मग.

(दोन दिवसांनी, संध्याकाळी. खोलीत बांधलेली खोकी. दार वाजतं.)

किल्लीवाला: मावशी! अहो, तीन जिने कशाला उतरलात, हाक मारायची.

मावशी: एकच जिना आहे रे. तीन मला वाटतात, तुला कशाला वाटायला हवेत? बसू कुठे? खुर्च्या गेल्या?

बायको: या खोक्यावर बसा. पुस्तकांचं आहे, दबणार नाही. चहा टाकते, पातेलं अजून बाहेर आहे.

मावशी: टाक. तुझं पत्र मिळालं. अक्षर सुरेख आहे गं तुझं. 'मावशींनी आम्हाला घरचं मानलं.' वाचून डोळे भरले माझे, खोटं नाही सांगत.

बायको: खरंच आहे ते.

मावशी: मग काल संध्याकाळी मास्तर वर आले.

किल्लीवाला: आले? बघ, मी म्हणत नव्हतो! मास्तर माणूस चांगला.

मावशी: चांगला आहे. दारातच उभे राहिले, घाम पुसला आणि म्हणाले, मावशी, मनापासून वाईट वाटतं, पण माझे गुडघे. तिसरा मजला रोज जमायचा नाही. मी म्हटलं, काय जमायचं नाही? तर त्यांनी खिशातून तुझं पत्र काढून दाखवलं.

बायको: अगं बाई.

मावशी: मला वाटलं, माझ्या प्रतीतलं पान गळलं असेल. शोधलं मी. दाराखाली, पायपुसण्याखाली.

किल्लीवाला: मावशी, अहो...

मावशी: थांब, लाईन तोडू नकोस. मग बँकवाली आली. तिची बदली होणार म्हणे, आज ना उद्या. जुळ्यांची आई दोघांना काखेत मारून आली. बिचारी रडायलाच लागली. म्हणाली, सकाळी माझं मलाच सुचत नाही मावशी, आणि एखाद्या दिवशी विसरले आणि नेमकं त्याच दिवशी... तिला मीच पाणी दिलं. लाँड्रीवाला आज आला. तो सरळ बोलला. किल्ली नको म्हणाला. उद्या घरातलं काही इकडंतिकडं झालं, तर नाव माझं येईल.

बायको: चौघेही?

मावशी: चौघेही. तुझ्या पत्राची पुण्याई. इतकी वर्षं तुम्ही सोडून या बिल्डिंगमधलं कुणी माझ्या दाराशी आलं नव्हतं. दोन दिवसांत सगळे येऊन गेले, नाही म्हणायला.

बायको: माझ्या मेलीच्या डोक्यात काय शिरलं होतं. मावशी, तुम्हाला कळू नये म्हणून...

मावशी: कळलं ते बरंच झालं गं. खरंच वाईट वाटलं नाही मला. फक्त, आता जिन्यात भेटले की सगळे खाली बघतात. आधी निदान 'काय मावशी' तरी म्हणायचे.

किल्लीवाला: आम्ही जातच नाही मग. मालकाला सांगतो, महिनाभर...

मावशी: आणि महिन्यानंतर? तुझ्या भावाने तिकडे दुकानाला जागा बघितली, मुलीचं कॉलेज ठरलं. वेड्यासारखं बोलू नकोस. चहा उतू जाईल बघ.

बायको: मोबाईलवर तरी रोज सकाळी... मी फोन करीन. रोज.

मावशी: कर की. पहिल्या महिन्यात रोज करशील. मग तुझ्या मशीनला गिऱ्हाईक लागेल. मी आयुष्यभर लोकांचे फोन जोडून दिलेत. लांब गेलेली माणसं आधी रोज बोलतात, मग रविवारी, मग सणासुदीला. त्यात वाईट काही नसतं. होतंच तसं.

बायको: असं नका ना बोलू.

मावशी: आणि फोन लागला नाही, तर तू काय करशील? तिथून कुणाला पाठवशील? या चौघांनाच ना?

बायको: चहा झाला, गाळते.

मावशी: दे चहा. साखर विसरलीस. राहू दे, अशीच घेते. मी आले ते किल्ली मागायला.

किल्लीवाला: किल्ली माझ्याकडेच राहू दे. कधी आलो तर...

मावशी: तुझ्या जुडग्यात शंभर लोकांच्या किल्ल्या, त्यात माझी हरवून जाईल. आण इकडे.

किल्लीवाला: ही घ्या. वरून जरा घासून गुळगुळीत केलीय, आत लवकर फिरावी म्हणून. दुसरी कुठे आहे तुमची?

मावशी: आतल्या खिळ्याला. आता दोन्ही तिथेच लटकतील.

किल्लीवाला: दोन्ही आत ठेवून काय उपयोग, मावशी?

मावशी: काही नाही. पण कुठे आहेत ते मला माहीत असेल.

बायको: मावशी, उद्या सकाळी आम्ही आहोत. परवा सकाळी टेम्पो येईपर्यंत आहोत.

मावशी: माहीत आहे. मी वाजवीन की. तुम्ही उत्तर द्या.

किल्लीवाला: आणि सोमवारपासून?

मावशी: सोमवारपासूनही वाजवीन. हाताला सवय झालीय, चमचा हातात घेतल्याशिवाय चहासुद्धा होत नाही माझा.

किल्लीवाला: पण खाली कुणीच नसणार हो. कुलूप असणार.

मावशी: ते गोदाम भरेपर्यंत खोली रिकामीच असेल ना? मग थोडे दिवस आवाज घुमेल तरी.