झांज कुणी ठेवली

आजच्या बैठकीचे यजमान आणि आपल्या तांबट आळीचे पुढारी आप्पासाहेब, त्यांच्या शेजारी लोडाला टेकलेले शास्त्रीबुवा आणि दर्ग्याचे मुजावर चांदमियाँ, पुढे बसलेली पुरुषमंडळी, खांबांआडच्या बायका, आणि ज्याला निरोप द्यायला हा मंडप भरला तो रहीम ढोलकीवाला, आपणां सर्वांना मथुराबाईचा नमस्कार.

मला शेवटी उभी केलीत. मान म्हातारीचा आणि वेळ उरलेला, ही आपली जुनीच रीत आहे. तक्रार नाही. शास्त्रीबुवा नादावर बोलले, फार छान बोलले, मला त्यातलं अर्धं कळलं. अक्षरं मला चारच येतात. पण बेचाळीस वर्षं या देवळात मी झांज धरली आहे, तेव्हा उरलेलं अर्धं मी सांगितलं तर चालेल ना?

आप्पासाहेब मघाशी म्हणाले, "आळीनं रहीमला मोठ्या मनानं क्षमा केली." टाळ्याही पडल्या. मी आपली विचारते, क्षमा कशाची?

सांगते. गुडघे दुखतात, म्हणून खांबाला टेकून सांगते.

भजनात होतं काय? भजनीबुवा एक ओळ म्हणतात, आपण ती परत करतो. पुन्हा तीच. पहिल्या चार वेळा कुणाला काही होत नाही. एकाला घरचं दूध आठवतं, दुसरा शेजाऱ्याचं पागोटं बघतो. दहाव्या वेळी ओळ कानाला सवयीची होते. मग बुवा काय म्हणणार ते तुमच्या तोंडात आधीच तयार असतं, आणि नेमकं तिथे बुवा थांबतात. तो रिकामा भाग तुम्हीच भरता. तिथून ऐकणारा ऐकणारा राहत नाही. पुढे बुवा ओळ छाटत जातात. ज्या दिवसाचं मला सांगायचंय, त्या दिवशीची ओळ होती "तुझ्यापाशी आलो, आता परतू कुठे". आधी पुरी ओळ. मग नुसतं "आता परतू कुठे". मग "परतू कुठे". शेवटी "कुठे, कुठे". शब्द कमी होतात आणि ठोके दाट होतात. विचार करायला शब्दच उरत नाही.

दर्ग्यात गातात त्या कलामाचंही तेच. तिथे टाळ नाही, हाताच्या टाळ्या. मधेच गाणारा दुसरी एखादी ओळ आणून गाठ मारतो, पण सुटतो तो पुन्हा पहिल्याच ओळीवर, आणि ती ओळ आधीपेक्षा जड होऊन येते. रहीम दोन्हीकडे वाजवायचा. मी त्याला विचारलं होतं, "अरे, तू लय वाढवतोस ती मला कधी कळतच नाही."

तो म्हणाला, "आजी, कळली तर ती चुकली."

"मग तुला तरी कळते का?"

"मी ढोलकीकडे बघत नाही. लोकांच्या माना बघतो. त्या जेवढं मागतील त्याच्यापेक्षा थोडं कमी देतो."

हे आपल्या आळीला कळायला हवं. घागर आपण एका दणक्यात घडवत नाही. बुडापासून फेर धरतो, ठोक्याला ठोका लागून. घाईनं ठोकत राहिलो, मधे तापवलं नाही, तर तांबं तडकतं.

आणि दर्ग्याचा एक कायदा आहे, चांदमियाँ मान हलवताहेत. एखाद्याला ओळ लागली, तो स्वतःत राहिला नाही, तर ती ओळ त्याची होते. गाणाऱ्यानं ती बदलायची नाही, तोडायची नाही. तीच म्हणत राहायचं, आणि त्याचा श्वास जागेवर येईल तशी लय एकेक पायरी उतरवायची. वर नेलेल्या माणसाला खाली आणून सोडणं हे नेणाऱ्याचं काम.

आपल्याकडे असा कायदा नाही. आपल्याकडे वडील बाईची झांज आहे. तिनं झांज वर धरून शेवटचा ठोका दिला, म्हणजे झांज ठेवली, की सगळे थांबतात आणि जयजयकार होतो. ही वडील बाई म्हणजे मी.

तीन वर्षांमागे, चैत्रातल्या गुरुवारी, तिसऱ्या प्रहरी भजन चाललं होतं. गेनबा पाणक्या पायरीशी उभा होता. त्याची बायको माघात गेलेली. रडला नव्हता, पखाल घेऊन दुसऱ्या दिवशी कामावर हजर. "परतू कुठे"वर त्याला ओळ लागली. डोळे मिटलेले, अंग डोलत होतं, टाचा जमिनीवरून उचललेल्या. रहीमनं बुवांना खुणावलं, इथेच राहा. बुवा राहिले. तेवढ्यात आप्पासाहेबांचे व्याही आले. कारकून अनंतराव माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मथुराबाई, आटपा, पाहुणे ताटकळलेत."

मी झांज वर धरली आणि ठोका दिला.

सगळे थांबले. थांबला नाही तो एकटा रहीम. लय उतरवत त्यानं तीन आवर्तनं वाजवली, गेनबाला हाताला धरून उतरवावं तशी. पण मागे ओळ नव्हती, आम्ही तर जयजयकार सुरू केला होता. गेनबा उभाच्या उभा दगडी पायरीवर कोसळला. खांदा गेला. पखाल सुटली ती सुटलीच.

लोकांच्या कानात काय राहिलं? एकटी ढोलकी, आणि मग माणूस पडल्याचा आवाज. झालं. रहीमनं गेनबाला पाडलं. आळीनं त्याला भजनातून उठवला. आप्पासाहेबांनी विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "ढोलकी माझीच वाजत होती." खोटं नव्हतं. माझ्याकडे त्यानं बघितलंही नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं, मी भांडले असते.

अनंतराव, मान खाली घालू नका. पाहुणे थांबले असते. खरं सांगू? मला पाहुण्यांचं काही नव्हतं. गुडघे दुखत होते, घरी जायचं होतं. गेनबा मला दिसत होता, दहा हातांवर. ही सगळी वर्षं मी म्हणत आले की दिसला नाही. आता कंटाळले.

मघाशी मी गेनबालाच विचारलं, "तुझा राग कुणावर?" तो म्हणाला, "म्हातारे, पडताना शेवटी ढोलकीच ऐकू येत होती. बाकी सगळे निघून गेले होते." यावर शास्त्रीबुवांनी काही सांगावं.

आता कामाचं. रहीम मिरजेला चालला आहे. तिथल्या दर्ग्यातल्या गाणाऱ्यांनी आपल्या आळीचं पत्र मागवलं आहे, कारण खबर तिथवर गेली आहे की हा माणूस ऐकणाऱ्याला पाडतो. आप्पासाहेब, आपलं पत्र अनंतरावांनी मला वाचून दाखवलं. "चुकीची क्षमा करून" असं त्यात आहे. ते पत्र घेऊन तो गेला तर तिथे त्याला दारातच बसवतील, आणि बरोबरच करतील. तो शब्द काढा. तिथे लिहा की झांज मथुराबाईनं ठेवली, आणि रहीम एकटा कायद्यानं वागला. बारभाईंच्या कारभारात इतके कागद होतात, आपण एक बदलला तर पुणं बुडणार नाही.

सही मला येत नाही. खाली हातोड्याची निशाणी करते, आमच्या घराची तीच आहे. अनंतराव, दौत इकडे आणा. मी बसून करते, आता उभं राहवत नाही.

आपण सर्वांनी एवढं ऐकून घेतलंत, आप्पासाहेबांनी मधे थांबवलं नाही, याचे आभार. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. झांजेची चूक मात्र पोटात घालू नका, ती कागदावर राहू द्या. रहीम, तुझ्याकडे मी क्षमा मागत नाही. गाडी जुंपायला अवकाश आहे. शाई वाळेपर्यंत थांब.