कुसुमताईंची कव्हरं

अध्यक्ष साहेब, कुसुमताईंच्या घरची मंडळी, आणि समोर बसलेले आपल्या वाचनालयाचे सगळे वाचक.

मी सुनंदा. पंचायत समितीत लिपिक आहे. बोलायची सवय नाही. ताईंच्या या शोकसभेत माझ्या आधी तिघं बोलले, फार छान बोलले. ताईंचा स्वभाव, ताईंची शिस्त. मी खुर्चीत नुसती चुळबुळत होते. दोनदा उठून जावं असं वाटलं. आता उभी राह्यलेच आहे. माइक जरा खाली करता का कोणी? हां. बस.

मले एकाच गोष्टीवर बोलायचं आहे. कव्हरांवर.

आपल्या धामणगावातल्या प्रत्येकाला माहीत आहे, ताई नवीन पुस्तक आलं की त्याला रद्दी पेपरचं कव्हर घालायच्या. बाहेर नाव नाही, चित्र नाही. पाठीवर नुसता नंबर. दुपारी खिडकीशी बसून कात्री, खळ, पेपर. आपण हसायचो. म्हणायचो, ताईंचं वाचनालय म्हणजे किराणा दुकानातल्या पुड्या. धूळ लागू नये म्हणून घालतात, असं सगळ्यांना वाटायचं. त्यांनीही कधी दुसरं काही सांगितलं नाही.

परवा वाचनालय समितीच्या पोरांनी सगळी कव्हरं काढली. प्रेमानं काढली, मी पाह्यलं ना. आज ताईंच्या फोटोभोवती पुस्तकं उघडी, रंगीत दिसावीत म्हणून. दिसतातही छान. तुम्हाला कोणाला दोष देत नाही. पण काल संध्याकाळी मी इथं सतरंज्या घालत होते, तेव्हा एक जण आलं. मुलगी होती का मुलगा, वय किती, काही सांगणार नाही. ताईंच्या खिडकीजवळच्या कपाटापाशी गेलं. आपलं नेहमीचं पुस्तक हातात घेतलं. वरचं चित्र पाह्यलं, मग दाराकडं पाह्यलं. आणि पुस्तक ठेवून निघून गेलं.

तेव्हापासून माझा जीव जागेवर नाही.

मंडळी, ती कव्हरं धुळीसाठी नव्हती हो.

त्या कपाटात काय आहे, ठाऊक आहे? साठीतली विधवा आणि रिटायर कंडक्टर, दोघं म्हातारपणी एकत्र जेवायला लागतात, त्याची गोष्ट आहे. चाकाच्या खुर्चीतला नवरा आणि त्याच्यावर हक्कानं चिडणारी बायको आहे. नर्सरी चालवणारे दोन पुरुष आहेत. एका तृतीयपंथी बाईवर मनापासून जीव लावणारा रिक्षावाला आहे. आणि एक बाई आहे, तिला असली कोणाचीच ओढ नाही, तरी तिच्यात काही कमी नाही. आपल्या गावात ही माणसं नाहीत, असं छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? आहेत. पण टीव्हीवर दिसली तर हसवायला, नाहीतर मरायला.

ताईंकडं पुस्तक मागणारे हळूच एकच विचारत. मी स्वतः ऐकलं आहे. आपल्या गल्लीतली एक काकू, विधवा, पुस्तक पदराखाली धरून म्हणाली, "ताई, शेवटी तो मरत त नाही ना?"

ताई म्हणाल्या, "नाही वं. शेवटी तो मेथी आणाले जातो."

काकू ते पुस्तक घेऊन गेली. काय हसत गेली म्हणून सांगू!

आता पुढचं. रेखा मागच्या ओळीत बसली आहे. आमच्या घरी राहते, शिवणकाम करते, सगळे ओळखता. सकाळी आमचं यावरूनच भांडण झालं. ती म्हणे, "तू काऊन बोलतं? ताई गेल्या, आता आपल्याले कोण हाय?" मी म्हटलं, म्हणूनच बोलते. तरी तिला विचारल्याशिवाय मी बोलणार नाही. नाव तिचंही निघतं ना.

रेखा, इकडं पाह्य. बोलू का?

...

हाव म्हणाली. मान हलवली. बरं.

लोक म्हणतात, सुनंदा-रेखा बहिणीसारख्या राहतात. चांगल्या मनानं म्हणतात. पण आम्ही बहिणी नाही. नवरा-बायकोचं जसं असतं, तसं आमचं आहे. झालं. बोलले.

थांबा, पाणी पिते.

आमच्यासारख्यांचं मी वाचलेलं पहिलं पुस्तक होतं, त्यात दोघी होत्या. शेवटी एक विहिरीत जीव देते. लिहिलं चांगलं होतं, खोटं नव्हतं. पण माझ्याजवळ तेवढं एकच होतं ना! माणसाला स्वतःबद्दल एकच गोष्ट मिळाली, की तीच आपली पत्रिका वाटते. कित्येक दिवस मी विहिरीकडून जायची वाट सोडली होती. रेखाशी धड बोलत नव्हते. शेवट ठरलेलाच आहे, मग जीव कशाला लावायचा?

ते पुस्तक मी ताईंच्या टेबलावर ठेवलं.  त्यांनी नाव वाचलं. उठल्या, तीन पुस्तकं आणली. वरची दोन कशाचीतरी. म्हणाल्या, "खालचंही पाहून घे. एकावर थांबू नको."

त्या खालच्या पुस्तकात काय होतं? दोघी होत्या. तालुक्याच्या गावी भाड्यानं राहणाऱ्या. आणि पानभर भांडत होत्या, गॅस संपला तर सिलिंडरचा नंबर कोणी लावायचा! मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाचलं. रेखाला वाचून दाखवलं. ती मशीन थांबवून म्हणाली, "हे त आपलंच हाय वं. यायच्याकडंही नंबर कोणीच लावत नाही का?"

इतक्या वर्षांत आम्ही स्वतःला पहिल्यांदा छापलेलं पाह्यलं. तेही भांडताना. लय रडलो दोघी. मग नंबर मीच लावला.

मोठं काही नव्हतं त्यात. क्रांती नव्हती, भाषण नव्हतं. दोघी सकाळी उठतात, चहा पितात आणि पुस्तक संपल्यावरही जिवंत असतात. तुम्हाला हे रोज मिळतं, म्हणून तुम्हाला त्याची किंमत कळत नाही. प्रत्येक सिनेमात तुम्ही असता. आम्हाला ते एका कपाटात मिळालं.

आणि ऐका, कव्हरांमुळं अजून एक झालं. ज्यांना ती पुस्तकं नको होती, त्यांच्याही हातात ती गेली. माझ्या वहिनीनं तेच सिलिंडरचं पुस्तक नंबर पाहून उचललं, स्वयंपाकाचं समजून. माझ्याशी एक शब्द बोलली नाही. पण त्या दिवाळीला माझी साडी घेऊन आली, तेव्हा पिशवीत दुसरीही होती. म्हणाली, "हे रेखाबाईले." वहिनी, तुम्ही समोर बसल्या आहात. तुम्हाला कळलं होतं, हे मला कळलं होतं.

ताई असत्या तर म्हणाल्या असत्या, सुनंदा, पुरे, लोकांना चहा प्यायचा आहे. पुरेच करते. पण माझा जीव शांत झालेला नाही, खोटं काऊन बोलू? कालचं माणूस रिकाम्या हातानं गेलं. ते परत आलं पाहिजे. आलं तर त्याच्यासाठी कपाट जसंच्या तसं पाहिजे.

म्हणून मागणं एवढंच. बाहेर टेबलावर मी रद्दी, कात्री आणि खळ ठेवली आहे. जाताना प्रत्येकानं एका पुस्तकाला कव्हर घालावं आणि मग घरी जावं. ताईंना हार नको, हे घाला. फक्त ते सिलिंडरवालं पुस्तक सोडा. ते उघडंच राहू द्या. ते आता मी आणि रेखा भर बाजारातून हातात धरून घरी नेणार आहोत.

आता आपण उभं राहू. ताईंसाठी दोन मिनिटं शांत राहू. दोनच. यापेक्षा जास्त मला सांगू नका. माझ्या वाट्याचं गप्प राहणं राहून झालं आहे.