दोनदा छापलेला निरोप

आपल्या नरसय्या वकिलाला मी कॉलेजात दोनदा निरोप दिला, तोही छापून. ऐका की.

आम्ही दोघं सोलापूरचे, पुण्याला बी.ए.ला. कॉलेजच्या वार्षिक अंकात शेवटच्या वर्गातल्या प्रत्येकाचा फोटो यायचा आणि खाली मित्रानं लिहिलेल्या निरोपाच्या चार ओळी. अंक परीक्षेआधीच छापायला जायचा. मी लिहिलं, "नरसय्या, तुझ्यावाचून आपला बाक सुना होईल. पदवीधर झालास तरी आम्हाला विसरू नकोस."

निकाल लागला. मी पास, तो नापास.

सोलापुरात त्याच्या घरी गेलो, तर हा वडिलांच्या मागावर लुगडं विणत बसलेला. म्हणाला, "कॉलेज बास. छापून निरोप दिलायस की. आता त्याच बाकावर कुठल्या तोंडानं बसू?"

वडिलांनी कोनाड्यातला अंक काढून माझ्यापुढे ठेवला. मी टाक-दौत मागितली आणि माझ्या ओळींखाली लिहिलं, "वरील निरोप एक वर्षासाठी मागे घेतला आहे." सहीही केली.

नरसय्यानं माग थांबवून ते दोनदा वाचलं. जूनमध्ये पुण्याला गेला.

पुढच्या अंकाच्या वेळी संपादकानं विचारलं, "तुझा निरोप कोण लिहिणार?"

हा म्हणाला, "जुनाच छापा. खाली फक्त 'या खेपेला नक्की' एवढं घाला."

परीक्षा अजून व्हायचीच होती.