रोज दोन डाव

वडूजच्या स्टँडवर साताऱ्याच्या गाडीची वाट बघत होतो. मागच्या बाकावर दोघे बोलत होते.

"नानासो, तुज्या राणीचं गेमचं याड गेलं का रं?"

"खेळती की. पर रोज दोनच डाव."

"तू तर मोबाईल हिसकावून घ्यायचास."

"तितंच चुकत हुतं. मधीच हिसकावला की तिच्या जोडीची तिघं हरायची. मग ती चिडून दप्तराला हातबी लावायची न्हाई. एक दिवस शेजारी बसून आख्खा डाव बघितला. पंचवीस मिन्टं चालतो, मधी थांबवता येत न्हाई. तवा दोघांनी ठरिवलं, आदी अभ्यास, मग दोन डाव."

"आन् पोरीनं पाळलं?"

"पयल्या आठवड्यात तीनदा मोडलं. मी वरडलो न्हाई. मोडलं की दुसऱ्या दिवशी एक डाव कमी. ह्ये तिनंच सांगितल्यालं."

"गणितात नापास हुती न्हवं?"

"आता बावन्न!"

"बावन्नच?"

"बावन्न, गड्या! नववीचं गणित हाय."

"बरं, तुजा मोबाईल दे. घरी फोन लावतो."

"त्यो राणीजवळ ठिवलाय."

"आन् तू दिसभर साताऱ्यात?"

"व्हय. दिसभर."