चौथ्या कडव्याचं चित्र

"हॅलो? …हॅलो, कोण? …अगं मोठ्यानं बोल. …हो, हो, मीच. या घरात फोन उचलणारं दुसरं आहे कोण?"

मावशीच्या थोरल्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षाची ही गोष्ट. नातवंडांचे चेहरे रोज दिसावेत म्हणून लेकीनं आईबापांना एक टॅब आणून दिला होता. त्याच टॅबवर मावशीची भाची, बिट्टी, आपल्या अ‍ॅनिमेशन फिल्मची कच्ची चित्रं पाठवत असे. फिल्म होती मावशीच्या कवितेवर, मावशीच्याच आवाजात. मावशी अठ्ठावन्नाव्या वर्षी अक्षरं शिकली आणि आयुष्यात एकच कविता लिहिली, चार कडव्यांची. नवरा लोकांची घरं रंगवायचा आणि ती खाली शिडी धरून उभी असायची, तेवढंच त्या कवितेत होतं. पण नवऱ्याला वाचता येत नव्हतं, आणि कविता लिहून होईपर्यंत त्याचे कान पार गेले होते. आता तर त्याच्या हृदयाबद्दल डॉक्टर महिन्यांची भाषा सोडून आठवड्यांची भाषा बोलू लागले होते. कविता त्याच्यापर्यंत पोचायची तर फक्त डोळ्यांतून. हे मावशीनं भाचीला सांगितलं नव्हतं. या वयात सांगायची लाज वाटत होती.

"आलं ना, आलं. दोनदा बघितलं. …काय वाटलं? अगं, माणसं कुठायत त्यात? …पहिल्या कडव्यात! 'खांद्यावर शिडी, पुढे तू, मागे मी.' मग मी दिसायला नको? तू नुसती कुंपणाची भिंत दाखवतेस, आणि भिंतीवरून शिडी आपली आपण चाललीय! …पलीकडे माणसं आहेत हे मला कळलं गं, मी काय… हो. …हो, हलतेय. दिसलं. …अगं ऐक ना…"

"…शब्दांत आलंय ते चित्रात नको. पाठ झालंय माझं. कडव्यात जे जे दिसतं ते सगळं कागदावर मांडायचं, शब्दांनीच दाखवून टाकलंय ते खोडायचं, आणि उरेल त्यातलं एकच उचलायचं. एका कडव्याला एक. …आणि तेही असं हवं की कडवं संपेपर्यंत त्यात काहीतरी बदललं पाहिजे. नाहीतर ते चित्र नाही, कॅलेंडर आहे. …तूच म्हणालीस तसं! परवा!"

"…काय केलं मी दुसऱ्या कडव्यात? …हां, ती ओळ. बदलली मी. …का म्हणजे? तू त्यांच्या बुटांचे तळवे काढलेस, खालून दिसणारे. इतके बाई सुरेख काढलेस की म्हटलं, आपल्या शब्दांतही येऊ देत. म्हणून ओळ घातली, पुन्हा म्हटलं आणि पाठवलं. …आता तेच दोनदा झालं? …म्हणजे तू चित्र काढणार, मी ते शब्दांत आणणार, आणि मग तू ते चित्र फेकून नवीन काढणार? हा काय खेळ आहे का? …बरं, ओरडू नकोस."

"…पाच सेकंद वाढले तर काय बिघडलं? …साठ चित्रं? …सेकंदाला बारा. …माझ्या आवाजाच्या मापानं सगळं बेतलंय. अगं मग आधी सांगायचं ना! …सांगितलं होतंस. …दोनदा सांगितलं होतंस. बरं, जुनीच ओळ ठेव. 'तुझा चेहरा मला संध्याकाळीच दिसे.' ठेव. …नाही, रागावले नाही. रागावले असते तर फोन ठेवला असता."

"…खोकला? कुठं? …तिसऱ्याच्या शेवटी. शी! काढ तो. …का ठेवणार? …तेवढ्या वेळात चित्रातला थेंब वाळतो? तुझं तुला माहीत, बाई. लोक म्हणतील, म्हातारीला औषध द्या आधी."

"…तिसरं आवडलं. ते स्टूल. हो, आपलंच. अजून आहे, त्यावरच बसलेय. 'साऱ्या गावाच्या भिंती रंगल्या, आपली तेवढी राहिली.' आणि तू भिंत दाखवतच नाहीस, नुसतं स्टूल आणि त्यावर घराघराच्या रंगांचे थेंब. …तिथं मी काही बोलले नाही, बोलले का? चांगलं ते चांगलं म्हणते मी."

"…हां, चौथं. त्याचंच म्हणते. ती आडवी पडलेली शिडी आणि तिच्यावर धूळ साचतेय. …अगं, शिडी शब्दांत आहे! 'हाक मारते, ऐकत नाहीस, हात अजून शिडीवर.' तुझाच नियम तू मोडलास! …आडवी शिडी वेगळी? …आता हे कुठलं शास्त्र? …सोमवारी रंग सुरू. त्याआधी चित्रं पक्की झालीच पाहिजेत, माहितीय मला. म्हणून तर सांगतेय, नाही कळायचं त्यांना."

"…कुणाला म्हणजे? …काकांना."

मावशीनं आवाज एकदम खाली आणला. खिडकीशी खुर्चीत नवरा बसला होता, गुडघ्यांवर पांघरूण घेऊन, रस्त्याकडे बघत.

"…ते इथंच आहेत, म्हणून हळू बोलतेय. …ऐकू कुठं येतं? …अगं बाई, खरंच की. सवय, दुसरं काय. …हसू नकोस. ऐक. तू म्हणतेस शब्द एक सांगतील, चित्र दुसरं सांगेल, आणि दोन्ही मिळून कविता. मान्य. पण त्यांच्याकडे शब्द नाहीतच गं. कागदावरचे नाहीत, कानावरचे नाहीत. तू मला अर्धं देतेस आणि अर्धं चित्राला देतेस. त्यांच्या वाटणीला अर्धंच येणार. …लोकांचं मला काय करायचंय? हॉलमध्ये दीडशे माणसं टाळ्या वाजवतील, वाजवू देत. मी एका माणसासाठी लिहिली ती. …हॅलो? …आहेस ना?"

"…आधी काय सांगू? म्हातारपणी नवऱ्यावर कविता लिहिली आणि ती त्याला दाखवायचीय, असं सांगू? …'तू' काय? …हो, कवितेत 'तू'च म्हटलंय. घरात 'अहो'. वाचता येत नाही त्यांना, म्हणून चालून गेलं."

"…आत्ता? …नको गं, काहीतरी बोलतील. …आवाज बंद करून? …बरं, बरं. धर जरा. अहो! …अहो, इकडे! …हे बघा. बिट्टीनं केलंय. बिट्टी! …बि-ट्टी! …बटाटे नाही हो!"

फोन कानाशी आणि टॅब नवऱ्यासमोर, अशी मावशी त्या स्टुलावर बसली. कच्च्या चित्रांत सगळं पेन्सिलीचं, करडं.

"…लावलं. …भिंत आली. शिडी आली. …काही नाही अजून. नुसते बघतायत. …थांब. …अगं, मांडीवर थाप मारली! …काय? …काय म्हणालात? …बिट्टे, म्हणतात, हा मी. …'हा मी, पुढं मीच आहे,' म्हणतात. …शिडीचं पुढचं टोक एका पावलाआड खाली जातं म्हणून! त्यांचा उजवा पाय अधू ना! …तू मुद्दाम काढलंस तसं? …शाळेच्या मैदानातून बघायचीस. भिंतीवरून शिडी दिसली, टोक लचकलं, की काका आले. …मला कधी दिसायचं गं ते, मी मागच्या टोकाला. …हो, घेते शब्द मागे. घेते म्हटलं ना!"

"…दुसरं आलं. तळवे. …नाही. …नाही कळलं. 'कुणाचे बूट हे?' …तुमचे! तु-म-चे! …बघ, सांगितलं होतं मी. आपले तळवे आपल्याला कधी दिसतात? ते खालून मला दिसायचे. कविता माझ्या डोळ्याची आहे, हे ठीक आहे, पण… थांब, थेंब पडला. …थेंबानं सगळा पडदा भरला. …हसतायत."

"…का हसतायत कोण जाणे. …अहो, हसताय काय? …तिसरं लागलं बघ. स्टूल. …आता चिडले. 'रंग कुठाय?' म्हणतात. …अहो, सोमवारी देणारेत रंग! …म्हणतात, अर्धवट काम गिऱ्हाईकाला दाखवायचं नसतं, सांग तिला. …सांगितलं. …चौथं. शिडी पडलीय. …"

"…विचारतायत, कोण गेलं? …आता काय सांगू मी! दे टाकून ते चित्र. हात जोडते."

नवरा मात्र टॅब सोडेना. बोटानं टॅबवर टिचकी मारून दुसरं चित्र पुन्हा दाखव म्हणून खुणावू लागला. मावशीनं तो थेंब पुन्हा पाडून दाखवला. मग तो बोलू लागला, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसा मोठ्यानं. मावशीनं फोन कानावरून खाली घेतला.

"…आहे. आहे मी. …ऐकलंस का तू? …नीट नाही? मग ऐक. म्हणतात, तो थेंब चुकून नाही पडायचा. …मुद्दाम पाडायचे! …वरून त्यांना काय दिसायचं, तर माझं डोकं. मधोमध भांग. दिवसभर भांगच. मग ब्रश जरा तिरका करायचे. थेंब पडला की मी वर बघायची. …शिव्या द्यायला बघायची, दुसरं कशाला! आणि हे म्हणतात, तेवढाच चेहरा दिसायचा."

"…गोड काय त्यात? केस धुऊन धुऊन जीव गेला माझा! आयुष्यभर मी दुकानदाराला बोल लावला, म्हटलं ब्रश हलका देतो. तीनदा ब्रश बदलून आणला! …अहो! …सांगता येत नव्हतं का तेव्हा, तोंडानं? …बघ, नुसते हसतायत."

"…काय? …थांब, नीट सांग. …चौथं वरून? …वरून भांग. थेंब पडतो. आणि ती मान वर करते. बास? …त्यात शिडी नाही, हाक नाही. …म्हणजे शब्द म्हणतील, 'हाक मारते, ऐकत नाहीस,' आणि चित्रात… हो. …हो गं. …पण तीन कडवी माझ्या डोळ्यानं आणि चौथं त्यांच्या? चालतं तसं? …एकदाच करायचं असेल तर शेवटालाच चालतं. …आणि तिसऱ्यातून चौथ्यात जायचं कसं? …स्टुलावरचा एक गोल थेंब घ्यायचा, तोच मोठा होत होत वरून दिसणारं डोकं. …हुशार आहेस. आईवर नाही गेलीस."

"…मान किती वेळ वर? …ओळ संपल्यावरही. शब्द नाहीत तेव्हाही. …तिचा चेहरा कसा काढशील? …चिडका काढ. खरा काढ. उगाच गोड करू नकोस. …तरुण? …तेव्हाची काढ, हो. …फोटो नाही तेव्हाचा. …त्यांनाच विचारते. अहो! …म्हणतात, भुवया जाड काढ."

"…नाही. ओळीला हात नाही लावणार. …थेंब शब्दांत नाही घालणार, शपथ. …एक शब्दसुद्धा नाही. …अगं हो! …बिट्टे, भिंतीचा रंग तेवढा… हॅलो? …हॅलो? …गेला वाटतं."

फिल्म त्याच महिन्यात रंगून आली. काकांनी ती खुर्चीत बसून पाहिली. पहिल्यांदा म्हणाले, भिंतीचा पिवळा जरा चुकला. चौथ्या कडव्याला, ती मान वर करते तिथं, त्यांनी हात टॅबवर ठेवला. मावशीच्या आवाजानं टॅब हाताखाली थरथरत होता. पुढं ते रोजच तिथं हात ठेवत.

डॉक्टरांचा हिशेब चुकला. त्या वर्षाच्या शेवटी, जुळ्यांना पहिले दात आले त्या आठवड्यात, मावशी झोपेत गेली. काका तिच्यानंतर दोन वर्षांनी गेले.